मांजराचं लिटर कमोडमध्ये नको

नमस्कार मंडळी! आज विषय जरा नाक मुरडायला लावणारा आहे, पण ज्यांच्या घरात मांजर आहे त्यांना रोजचाच आहे, लिटर ट्रेचा. ट्रे कधी साफ करायचा, कसा धुवायचा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते वापरलेलं लिटर टाकायचं कुठे. कारण फ्लॅटमध्ये राहणारे बरेच लोक सरळ गोळा उचलतात, कमोडमध्ये टाकतात आणि फ्लश करून मोकळे होतात. वासही गेला, कचऱ्याची पिशवीही नको. सोपं वाटतं, पण तसं नाहीये ते.

आधी हे लिटर असतं काय ते बघू. आपल्याकडे दुकानात जे गोळे बनणारं लिटर मिळतं ते बहुतेक वेळा बेंटोनाइट नावाची माती असते, आपल्या शेजारी गुजरातेत कच्छमध्ये तिच्या मोठ्या खाणी आहेत. या मातीचा गुण असा की पाणी लागलं की ती फुगते, कित्येक पटीने फुगते आणि चिकट होते, म्हणून तर मांजराने शू केली की तिथे घट्ट गोळा तयार होतो. मुंबईत मोठ्या बिल्डिंगचं पायलिंग करताना खोल भोक खणतात ना, त्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आत हीच माती पाण्यात कालवून भरतात. आता हीच माती आपण कमोडमध्ये टाकतोय. कमोडच्या मागे जो वळलेला ट्रॅप असतो तिथे थोडी बसते, पुढे जिथे पाइपाला उतार कमी असतो तिथे थोडी बसते, आणि तिच्यावर बाकीचं सगळं अडकायला लागतं. एका दिवसात काही होत नाही, म्हणून तर लोकांना वाटतं की आमच्याकडे चालतंय की! काही महिन्यांनी पाणी हळू उतरायला लागतं, गुडगुड आवाज येतो, आणि मग खालच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये पाणी वर येतं. गावाकडे बंगल्याला सेप्टिक टँक असेल तर अजून वाईट, कारण माती काही कुजत नाही, तळाला गाळ बनून राहते आणि टँक लवकर भरतो. वाळू वापरणाऱ्यांचंही तेच, वाळू फुगत नाही एवढंच.

मग काही जण म्हणतील, आम्ही तर टोफूचं लिटर वापरतो, पाकिटावरच लिहिलंय फ्लश करता येतं म्हणून. ठीक आहे, पाइप कदाचित वाचेल. पण शी? खरी अडचण शीमध्ये आहे.

टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी आहे, बऱ्याच लोकांनी गरोदरपणात डॉक्टरांकडून नाव ऐकलं असेल. त्याची अंडी फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या शीतूनच बाहेर पडतात, दुसऱ्या कुणाच्या नाही. मांजराने उंदीर किंवा कच्चं मांस खाल्लं तर त्याला लागण होते, आणि पहिल्या लागणीनंतर साधारण 1 ते 3 आठवडे ते लाखोंनी अंडी टाकतं, पुढे सहसा नाही. घरातच राहणाऱ्या, शिजवलेलं किंवा ड्राय फूड खाणाऱ्या मांजराला हे होण्याची शक्यता कमीच, घाबरून मांजर सोडून देऊ नका. पण मांजर ठणठणीत दिसतं तेव्हाही अंडी पडत असू शकतात, नुसतं बघून कळत नाही. आणि या अंड्यांचं कवच इतकं चिवट असतं की क्लोरीनने ती मरत नाहीत, म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया झाली तरी ती जगून पुढे जाऊ शकतात. मुंबईचं बरंचसं सांडपाणी शेवटी जातं कुठे, तर वरळी आणि वांद्र्याच्या पाइपांतून समुद्रात.

समुद्रात गेल्यावर काय होतं ते अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिसलंय. तिथले समुद्री ऑटर, म्हणजे समुद्रातली पाणमांजरं, या रोगाने मेलेली सापडली, शिंपले आणि गोगलगायी खाऊन त्यांच्या पोटात ती अंडी जातात. फ्लश हे एकच कारण नाही हां, उघड्यावर पडलेली शी पावसात वाहून जाते तेही मोठं कारण आहे. पण 2006 साली तिथे कायदाच झाला, की लिटरच्या पाकिटावर छापायचं, मांजराचं लिटर फ्लश करू नका, गटारातही टाकू नका.

आता रोज उचलायचं का, तेही यातच आहे. ही अंडी बाहेर पडल्या पडल्या धोक्याची नसतात, त्यांना पिकायला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणजे तुम्ही रोज, खरं तर सकाळ-संध्याकाळ, गोळे आणि शी उचललीत तर बहुतेक अंडी पिकायच्या आधीच घराबाहेर जातात. आठवड्यातून एकदाच ट्रे उपसणाऱ्याच्या हातात पिकलेली अंडी येतात. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं, कुणीच नसेल तर ग्लोव्ह्ज घालून आणि नंतर साबणाने हात धुवून. आणि उचलताना गोळ्यांकडे लक्ष द्या, बोका सारखा ट्रेत जाऊन बसतोय आणि गोळा बारीक किंवा नाहीच, तर लघवी अडकलेली असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

समजा एक मांजर आहे. ट्रेत 5 ते 7 सेंटिमीटर थर ठेवा, फार कमी असेल तर शू तळाला चिकटते. जाळीच्या स्कूपरने उचलायचं, फार हलवायचं नाही, नाहीतर गोळा फुटून सगळीकडे पसरतो. रविवारी स्वच्छ उरलेलं लिटर बादलीत काढा, तळाला चिकटलेलं सुकंच खरवडा, जुन्या पेपरने पुसा आणि मगच पाणी घाला, म्हणजे माती गटारात जात नाही. भांड्यांचा साबण आणि कडकडीत गरम पाणी पुरे, किचनच्या सिंकमध्ये मात्र नको. काळं-पांढरं फिनेल वापरू नका, मांजराच्या लिव्हरला ते झेपत नाही आणि पाय चाटताना पोटात जातं. ब्लीचही नको, शूच्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. ट्रे पूर्ण कोरडा करून लिटर परत भरा, आणि महिन्याभरात सगळंच बदला.

उचललेलं सगळं पेपरमध्ये गुंडाळा, पिशवीत घट्ट बांधा, जमलं तर दोन पिशव्या, आणि डायपर जसे वेगळे देता तसं घंटागाडीला द्या, वर लाल पेनाने खूण करा म्हणजे कचरा वेगळा करणारी बाई पिशवी हाताने उघडणार नाही. सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात किंवा कुंडीत टाकू नका, मातीत ही अंडी महिनोनमहिने टिकतात आणि कोथिंबीर आपण कच्चीच खातो.

आणि आधीच फ्लश करून पाणी तुंबत असेल तर अजून फ्लश मारून बघू नका, ड्रेन क्लीनरची पावडरही ओतू नका, मातीला त्याने काही होत नाही. प्लंबरला बोलवा आणि लाज न बाळगता सांगा की आत लिटर गेलंय, त्याला कळलं तर तो आधी कमोडचा ट्रॅप आणि चेंबर उघडून बघेल.