मित्राच्या कंपनीत पैसे आले, तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

समजा, नाशिककडचा तुमचा एक मित्र आहे. त्याने आणि त्याच्या भागीदाराने कांदा चाळीत बसवायचं एक यंत्र तयार केलंय. चाळीत ओल वाढली किंवा कुठे कांदा सडायला लागला, की शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना येते. इतके दिवस हे सगळं घरच्या पैशांवर आणि त्याच्या बायकोच्या पगारावर चाललं. आता पहिल्यांदाच बाहेरच्या गुंतवणूकदारांनी १ कोटी रुपये घातलेत. तुम्ही फोन हातात घेता आणि लिहिता, "वा भाऊ, कोट्यधीश झालास! पार्टी कधी?"

थांबा. पाठवू नका अजून. हेवा किंवा मोठेपणाचा आव न दिसता अशा मित्राचं अभिनंदन कसं लिहावं, तेच आज बोलू.

तुमच्या मनात काही वाईट नाही, हे मान्य. पण या व्यवहारात नेमकं काय झालंय ते आधी बघू. गुंतवणूकदारांनी कंपनीची आधीची किंमत ४ कोटी धरली. त्यांचा १ कोटी आल्यावर ती झाली ५ कोटी. पाचातला एक त्यांचा, म्हणजे २० टक्के. दोघा भागीदारांकडे निम्मे-निम्मे शेअर होते, ते आता ४०-४० टक्क्यांवर आले. आणि तो १ कोटी गेला कंपनीच्या खात्यात. मित्राच्या खिशात त्यातला एक रुपया नाही. त्याला मिळणार ठरलेला पगार, तोही बऱ्याचदा जुन्या नोकरीपेक्षा कमी. शिवाय करारात बहुधा असं असतं, की कंपनी विकली गेली तर आधी गुंतवणूकदारांचे पैसे परत जातील, मग बाकीच्यांचं बघू. आणि मित्र मध्येच सोडून गेला, तर त्याचे स्वतःचे शेअरही पूर्ण हाती राहत नाहीत.

थोडक्यात, आपल्या हिश्श्याचा पाचवा भाग देऊन त्याने कंपनीसाठी साधारण दीड वर्षाचा अवधी मिळवलाय. अशा माणसाला 'कोट्यधीश' म्हटलं, की तो हसतो. पण पुढचा अर्धा तास त्याला सासरच्या मंडळींना हेच समजावत बसावं लागतं.

हेवा आपल्या शब्दांत दिसतो तो बहुतेक वेळा आकड्यांच्या चौकशीतून. "व्हॅल्युएशन किती धरलं? तुझ्याकडे किती उरलं?" हे त्याने आपणहून सांगितलं तर ऐकावं, पहिल्याच वाक्यात विचारू नये. मोठेपणाचा आव मात्र वेगळ्या दारानं येतो. "तुझ्या छोट्याशा कंपनीला", "आता जरा जपून खर्च कर हं", किंवा माझं सगळ्यात नावडतं, "मी तेव्हाच म्हटलं होतं!" यात अभिनंदन त्याचं राहतच नाही, आपल्या दूरदृष्टीचं होतं.

मग लिहायचं काय? रक्कम सोडा आणि ती ज्या कामामुळे आली ते काम धरा. असं काहीसं:

"बातमी कळली, फार आनंद झाला. लासलगावच्या बाजूच्या चाळी तुम्ही दोघांनी पालथ्या घातल्यात. धूळ बसून यंत्र खोट्या सूचना द्यायचं, ते पुन्हा उघडून नीट केलंत. ओळख ना पाळख, अशा माणसांनी हिशेब तपासून त्यावर पैसे लावले, हे मोठंच आहे. वहिनींचंही अभिनंदन. उत्तराची घाई नाही."

यात 'तुम्ही दोघांनी' आहे, कारण भागीदाराला सगळेच विसरतात. वहिनी आहेत, कारण घर त्यांनी चालवलं. आणि धुळीची गोष्ट आहे. ती जवळून पाहिलेल्या माणसालाच लिहिता येते. तुम्ही पाहिली नसेल, तर उसनं काही आणू नका, दोन ओळी पुरतात.

आता वेळेबद्दल. मित्राने खासगीत "टर्म शीट सही झाली" असं सांगितलं, म्हणजे पैसे आले असं नाही. टर्म शीट म्हणजे व्यवहाराच्या मुख्य अटींचा पहिला कागद, आणि त्यातल्या बहुतेक अटी बंधनकारक नसतात. त्यानंतर कागदपत्रांची तपासणी होते, त्यात आठवडे जातात, आणि कधी कधी सगळं फिसकटतंही. तेव्हा त्याला फोनवर शुभेच्छा द्या, पण शाळेच्या ग्रुपवर फटाके फोडू नका. बातमी त्याची आहे, त्यालाच सांगू द्या.

आणि खरंच हेवा वाटत असेल तर? वाटतो की! आपण पगारवाढीच्या पत्राची वाट बघत बसलेलो असतो. जिवलग मित्र असेल तर समोर बसून "जळलो रे मी!" असं खुशाल म्हणावं, दोघंही हसाल. लिहून मात्र पाठवू नये, कारण लिहिलेल्या अक्षरांतून तुमचं हसू ऐकू येत नाही.

मदतीचं म्हणाल, तर "काही लागलं तर सांग" हे सगळेच म्हणतात. त्याऐवजी, येवल्याला तुमच्या मामांची चाळ असेल, तर आठवड्याभराने फोन करून विचारा, "मामांना यंत्र बघायचंय, किंमत काय आहे?" आणि ती ऐकल्यावर मित्र म्हणून सवलत मागू नका.

नमस्कार.