सर्व्हेअर चुकला, घर महागात पडलं: भरपाई नेमकी कशाची?

नमस्कार मंडळी. टॉर्ट्सचा, म्हणजे दिवाणी अपकृत्यांच्या कायद्याचा पेपर जवळ आला की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "मॅडम, सर्व्हेअरवाला प्रॉब्लेम घ्या ना." म्हणजे घर तपासणाऱ्या सर्व्हेअरनं दोष सांगितला नाही, तर खरेदीदाराला भरपाई किती? तर आज तोच घेऊ. कायदा इंग्लंडचा आहे, कारण आपल्याकडच्या अभ्यासक्रमातही या विषयाला त्यांचेच निवाडे लावलेले आहेत.

पाया झटपट सांगते, तो तुमच्या नोट्समध्ये आहेच. एखाद्याच्या निष्काळजीपणानं तुमचं शरीर किंवा तुमची वस्तू मोडली, तर टॉर्ट सहज मदतीला येतं. फक्त पैसा बुडाला, तर कोर्ट हात आखडतं. यालाच निव्वळ आर्थिक नुकसान म्हणायचं. चुकीच्या सल्ल्यासाठी ही वाट 1963 मध्ये हेडली बर्न विरुद्ध हेलर या निवाड्यानं उघडली. खास जाणकारी असलेल्या माणसानं जबाबदारी पत्करली आणि समोरचा रास्तपणे तिच्यावर विसंबला, तर करार नसतानाही काळजी घेण्याचं कर्तव्य तयार होतं. त्या खटल्यात सल्ला देणारी बँक सुटली, कारण "आम्ही जबाबदार नाही" असं तिनं आधीच लिहून दिलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

आता घराकडे. स्मिथ विरुद्ध एरिक बुश, हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणजे तेव्हाचं सर्वोच्च कोर्ट, 1989. घर नॉरिचमधलं, साधं. गृहकर्ज देणाऱ्या सोसायटीनं मूल्यांकनासाठी सर्व्हेअर पाठवला, पण फी भरली खरेदीदार बाईंनी, 36 पौंड 89 पेन्स. सर्व्हेअरचा करार सोसायटीशी, बाईंशी नाही. अहवालात होतं की महत्त्वाच्या दुरुस्तीची गरज नाही. त्या भरवशावर, स्वतःचा वेगळा सर्व्हे न करता, बाईंनी घर घेतलं.

त्या घरात पहिल्या मजल्यावरच्या धुराड्यांचा खालचा विटांचा भाग आधीच्या कुणीतरी काढून टाकला होता. सर्व्हेअरला ते दिसलं. पण खालचा आधार काढला तर वरचं धुराडं कशावर उभं आहे, हे बघायला तो माळ्याकडे वळला नाही. दीड वर्षानं विटा छप्पर फोडून माळ्यावर आणि मुख्य बेडरूममध्ये कोसळल्या. अहवालासोबत "जबाबदारी नाही" ही ओळ होतीच. पण मध्ये 1977 चा अनफेअर काँट्रॅक्ट टर्म्स ॲक्ट आला होता, आणि ग्राहकाविरुद्धची अशी ओळ 2015 पर्यंत त्याच्या वाजवीपणाच्या कसोटीला उतरावी लागायची. इथे ती उतरली नाही. साधं घर घेणारा माणूस दुसऱ्या सर्व्हेचा खर्च सहसा करत नाही, सर्व्हेअरला ते ठाऊक असतं, काम फार अवघड नसतं आणि त्याला विमा काढता येतो. ही कारणं उत्तरात लिहा. नुसतं "अटी अन्यायकारक होत्या" यावर मार्क मिळत नाहीत.

आता माझा जिव्हाळ्याचा मुद्दा. पेपर तपासताना माझं लाल पेन सगळ्यात जास्त इथेच चालतं. विद्यार्थी लिहितात, "विटा पडल्या, घराचं नुकसान झालं, म्हणजे हे भौतिक नुकसान." नाही! सर्व्हेअरनं वीट पाडली नाही. धुराडं तो येण्याआधीच अधांतरी होतं. त्याच्या चुकीनं घर बिघडलं नाही, तर बिघडलेलं घर तुम्ही चांगल्या घराच्या भावात घेतलंत. तुमचं नुकसान खिशात आहे, छपरात नाही. हे पटलं की भरपाईचा आकडा आपोआप बरोबर येतो.

एक काल्पनिक प्रश्न सोडवू. लीड्समधलं घर, किंमत 2,40,000 पौंड. मूल्यांकनात सर्व्हेअर छपराच्या लाकडातली उघड दिसणारी कूज लिहीत नाही. खऱ्या स्थितीत, खरेदीच्या दिवशी, बाजारभाव 2,15,000. दुरुस्तीचा खर्च 40,000. आज तेजीमुळे घराचा भाव 2,70,000. भरपाई किती?

मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी लिहिलं होतं, "खर्च चाळीस हजार आला, तर चाळीसच मिळायला हवेत, नाहीतर न्याय कसला?" प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते. उत्तर 25,000. दिलेली किंमत वजा त्या दिवशीची खरी किंमत.

हिशेब करून बघा. चाळीस दिले, तर त्या माणसाकडे 2,15,000 चं घर आणि 40,000 रोख, मिळून 2,55,000. त्यानं मोजले होते 2,40,000. म्हणजे चुकीच्या अहवालामुळे तो पंधरा हजारांनी वर गेला. पंचवीस दिले, तर बेरीज बरोबर 2,40,000.

आता उलटं बघा. समजा त्यानं दुरुस्ती केलीच नाही, एक पौंडही खर्चला नाही. मग नुकसान शून्य का? नाही, जादा पैसे खरेदीच्या दिवशीच गेले. दुरुस्तीचं बिल मोजमाप असतं, तर इथे त्याला काहीच मिळालं नसतं.

तिसरं, सर्व्हेअरनं खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? छप्पर काही बरं झालं नसतं. खरेदीदारानं भाव पाडून मागितला असता किंवा घर सोडून दिलं असतं. धड छपराचं घर 2,40,000 ला मिळेल अशी हमी सर्व्हेअरनं दिलीच नव्हती, त्यानं फक्त नीट बघून सांगायचं होतं.

हे माझं मत नाही. वॉट्स विरुद्ध मॉरो, 1991. जोडप्यानं डॉर्सेटमधलं घर 1,77,500 पौंडांना घेतलं, खरी किंमत 1,62,500. दुरुस्ती सुमारे 34,000. खालच्या कोर्टानं दुरुस्तीचा खर्च दिला, अपील कोर्टानं तो उतरवून फरकाचे 15,000 दिले. दुरुस्तीच्या धुळीत राहावं लागल्याच्या त्रासासाठी प्रत्येकी 750 वेगळे. तिथे सर्व्हेअरशी थेट करार होता. तरी मोजपट्टी हीच, आणि करार नसलेल्या आपल्या प्रश्नातही तीच लावायची.

आणि तो 2,70,000 चा आकडा? परीक्षकानं तो तुम्हाला भुलवायला टाकलाय. फरक खरेदीच्या दिवशीचा. नंतरच्या तेजीनं तो मिटत नाही आणि मंदीनं वाढत नाही.

शेवटचा सापळा. प्रश्नात खरेदीदार राहायला घर घेतोय की भाड्यानं द्यायला, हे शोधा. स्कलियन विरुद्ध बँक ऑफ स्कॉटलंड, 2011: भाड्याच्या गुंतवणुकीसाठी फ्लॅट घेणाऱ्याला कर्ज देणाऱ्याच्या मूल्यांककाविरुद्ध कर्तव्यच सापडलं नाही. तो व्यवहार धंद्याचा आणि स्वतंत्र सल्ला घेणं त्याला शक्य, असं कोर्टानं धरलं. स्मिथमधल्या बाई स्वतः राहणार होत्या. त्यामुळे "बाय टू लेट" हे शब्द दिसले, तर भरपाईच्या हिशेबाला लागण्याआधी तिथेच थांबा आणि कर्तव्यावर दोन परिच्छेद लिहा.