दही लावायचं दूध: गायीचं की म्हशीचं?

(आर्वी तालुक्यातल्या एका गावात महिला बचत गटाच्या बैठकीत झालेलं बोलणं, थोडं नीट करून.)

मंडळी, दूध संकलन केंद्रावर मी बरीच वर्षं फॅट काढायचं काम केलं. तिथं घरच्या वापराचं दूध न्यायला येणाऱ्या बाया मला एकच गोष्ट विचारायच्या: "भाऊ, गायीचं घेऊ का म्हशीचं?" मी उलट विचारायचो, "दुधाचं करता काय?" चहा आणि लेकरांचं पिणं एवढंच असेल तर उत्तर वेगळं आहे. घरात रोज दही लागत असेल, ताक घुसळत असाल, आठवड्याला कढी-गोळे होत असतील, तर उत्तर वेगळं. आज मी दह्यावरच बोलणार आहे, कारण दूध कसं आहे ते दह्यात कळतं.

आधी फॅटचं बघू. गायीच्या दुधात साधारण साडेतीन ते साडेचार टक्के फॅट असते. संकरित होल्स्टिनचं दूध खालच्या बाजूला राहतं, जर्सीचं वरच्या. म्हशीचं सहा ते आठ टक्के. आपल्या नागपुरी आणि पूर्णाथडी म्हशीचं दूध किती घट्ट असतं, ते तुम्ही घरी पाहिलंच आहे. म्हणजे म्हशीच्या एका लिटरमध्ये साधारण सत्तर ग्रॅम फॅट आणि गायीच्या लिटरमध्ये चाळीसच्या आसपास. साय, लोणी, तूप हवं असेल तर हा फरक थेट पैशात मोजता येतो. समजा म्हशीचं दूध ७० रुपये आणि गायीचं ५० रुपये लिटर आहे. मग म्हशीच्या दुधात फॅटचा एक ग्रॅम एक रुपयाला पडला आणि गायीच्या दुधात सव्वा रुपयाला. तूप काढणाऱ्या घरानं म्हशीचं घ्यावं, यात मला शंका नाही. सगळी फॅट तुपात उतरत नाही, थोडी दुधात आणि ताकात राहते, पण तुलना तीच राहते.

आता दह्याकडे येतो. घट्ट दही म्हणजे जास्त फॅट, असं बहुतेकांना वाटतं. ते पूर्ण खरं नाही. दह्याचा गठ्ठा धरतात दुधातली प्रथिनं, मुख्यतः केसीन. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. त्या आम्लानं केसीन एकमेकांना चिकटून जाळं बनतं, आणि त्या जाळ्यात पाणी व फॅट अडकून बसतात. गायीच्या दुधात प्रथिनं सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, म्हशीच्या दुधात चार टक्क्यांच्या आसपास. म्हणून म्हशीचं दही वडीसारखं कापता येतं, आणि गायीचं दही चमचा घातला की ढासळतं, पाणी सुटतं. फॅटचं काम चवीचं: जिभेवर मऊपणा येतो, आंबटपणा सौम्य लागतो. म्हशीचं दही आंबायला थोडा जास्त वेळ घेतं, कारण त्यातली प्रथिनं आणि खनिजं आम्ल पेलून धरतात. उन्हाळ्यात हे आपल्या उपयोगाचं आहे. पण ताकासाठी आणि कढीसाठी मला स्वतःला गायीचं दही आवडतं. ते हलकं असतं, लवकर आंबतं, घुसळायलाही सोपं जातं.

गायीचं दूध घेऊनही घट्ट दही हवं असेल तर आटवा. एक लिटर दूध मंद आचेवर हलवत साधारण आठशे तीस मिलिलिटरवर आणलं, म्हणजे सहावा हिस्सा पाणी उडवलं, की प्रथिनांचं प्रमाण म्हशीच्या दुधाजवळ पोचतं. फॅट मात्र म्हशीएवढी होणार नाही. गॅस खर्च होतो हेही धरा. चुलीवर करणाऱ्या घराला ते परवडतं.

लावायची पद्धत दोन्ही दुधांना एकच आहे. दूध उकळी आल्यावर लगेच उतरवू नका, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा. त्यानं दुधातली दुसरी प्रथिनं केसीनला चिकटतात आणि पाणी कमी सुटतं. मग करंगळी बुडवून सुखानं धरता येईल एवढं कोमट होऊ द्या, साधारण चाळीस अंश. यापेक्षा बरंच गरम असेल तर विरजण मरतं. एका लिटरला हिवाळ्यात दोन चमचे विरजण आणि गंजाभोवती जुनं गोधडं. मे महिन्यात अर्धा-एक चमचा पुरे, आणि चार-पाच तासांनी गंज थंड जागी नेऊन ठेवा. लागत असताना गंज हलवू नका, जाळं तुटलं की पाणी सुटतं.

आता एक प्रसंग सांगतो. एका घरी म्हशीचं दोन लिटर दूध शेजारच्या गोठ्यातून यायचं. तीन दिवस दही लागेना. घरच्या बाईंना वाटलं, दुधात पाणी घातलं. मी म्हटलं, पाण्यानं दही पातळ होतं, पाणी सुटतं, पण लागतं तरी. त्यांच्या दुधात तर सकाळपर्यंत काहीच होत नव्हतं. मी त्यांना दोन वाट्या लावायला सांगितल्या: एकीत दुकानातल्या पिशवीचं दूध, दुसरीत शेजाऱ्याचं. विरजण एकच, ऊब एकच, जागा एकच. पाच तासांत पिशवीचं लागलं, दुसरं तसंच पातळ. म्हणजे विरजणात किंवा उबेत दोष नव्हता. दुधातच जिवाणूंना अडवणारं काहीतरी होतं.

अशा वेळी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. उन्हाळ्यात दूध फुटू नये म्हणून कोणी सोडा घालतं. तो आम्ल खाऊन टाकतो, त्यामुळे दही उशिरा लागतं. दुसरी गोष्ट औषधाची. शेजाऱ्याला विचारलं तर त्यानं लगेच सांगितलं की म्हशीला दगडी झाली होती, सडात नळीनं औषध सोडलं होतं. त्या औषधाचा अंश दुधात उतरतो, घरच्या उकळण्यानं पुरता जात नाही, आणि विरजणातल्या जिवाणूंना वाढू देत नाही. ते दूध लेकरांनाही देऊ नये. औषधाच्या खोक्यावर किती दिवस दूध वापरू नये ते लिहिलेलं असतं. त्यानं ते वाचलंच नव्हतं. मग तेवढे दिवस त्या म्हशीचं दूध वेगळं काढून टाकलं. दिवस भरल्यावर त्या बाईंनी पुन्हा दोन वाट्या लावल्या, आणि या वेळी शेजाऱ्याच्या वाटीतलं दही चमच्यानं कापता आलं.

नंतर त्या घरानं रतीब बदलला. एक लिटर म्हशीचं, दह्याला आणि सायीला. एक लिटर गायीचं, चहाला आणि लेकरांना. मात्र गोठ्यात कोणत्या जनावराचं औषध सुरू आहे, हे दर आठवड्याला विचारायचं त्या बाईंनी ठरवलं. शेजारीही आता स्वतःहून सांगतो.