उकळी फुटली, विष तसंच

(तालुक्याच्या वाचनालयातील व्याख्यान, शब्दांकन करताना थोडं संपादन केलं आहे.)

अध्यक्षांनी मला चाळीस मिनिटं दिली आहेत. त्यातली दहा सत्कारात गेली, नारळ मात्र चांगला आहे.

उकळल्याने दुधातलं बुरशीचं विष जातं का, हा विषय पत्रिकेवर छापलाय, पण मला आधी आमच्या दादाच्या गोठ्यात जायचंय. मी पशुवैद्य, त्यामुळे घरात माझं कुणी ऐकत नाही. (हशा) दादाकडे चार संकरित गाई. त्या वर्षी पावसाळ्यात पत्रा गळत होता आणि सरकी पेंडीची पोती भिंतीला टेकवून थेट फरशीवर ठेवलेली. श्रावणात खालचं पोतं उघडलं तर आत ढेकळं, त्यांवर हिरवट-पिवळी बुरशी. दादाने ढेकळं फोडली, अंगणात दोन दिवस वाळवली आणि पुन्हा दावणीत टाकली. म्हणाला, "उन्हानं मरंल सगळं. एवढ्या भावाची पेंड फेकून देऊ का?"

ही सगळ्या गोठ्यांची गोष्ट आहे. माणसाच्या ताटात न चालणारा शेंगदाणा तेलाच्या घाण्यावर जातो आणि तेल काढल्यावर उरलेली पेंड गाईसमोर येते. खराब मक्याचा भरडा होतो. भरडला की बुरशी दिसेनाशी होते, विष राहतंच. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेही ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीने. तिथूनच अफ्लाटॉक्सिन हे नाव जगाला कळलं. अस्परजिलस फ्लेव्हस ही ती बुरशी. तिच्या नावातला 'अ', 'फ्ला' आणि पुढे टॉक्सिन, म्हणजे विष.

दादाच्या पेंडीचा नमुना मी प्रयोगशाळेत दिला. किलोमागे १५० मायक्रोग्रॅम बी-१, म्हणजे याच अफ्लाटॉक्सिनचा एक प्रकार, निघालं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, त्यामुळे दादा हसला. मग मी पाटीवर हिशेब मांडला. गाय रोज दोन किलो पेंड खाते, म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम तिच्या पोटात. गाईचं यकृत या बी-१ ला एक ऑक्सिजन जोडून एम-१ बनवतं. 'एम' म्हणजे मिल्क, दूध. खाल्लेल्या विषापैकी साधारण एक-दोन टक्के दुधात उतरतं, जास्त दूध देणाऱ्या गाईत त्याहूनही जास्त. दोन टक्के धरा: ६ मायक्रोग्रॅम. गाय दहा लिटर देते, म्हणजे लिटरला ०.६. आपल्याकडची मर्यादा किलोला ०.५. युरोपात ती ०.०५ आहे, त्या मापाने दादाचं दूध बारा पट.

आणि डेअरीत काय बघतात? फॅट आणि डिग्री. दूध नासलंय का, ते उकळून. त्यातलं काहीही हे विष दाखवत नाही. वास नाही, चव नाही, रंग नाही. पट्टीची चाचणी असते, पण आमच्या संकलन केंद्रात ती मागितली तर माझ्याकडे असं बघतात, जणू मी दुधात सोनं शोधतोय. ही माझी जुनी तक्रार, ती आज...

अध्यक्ष चिठ्ठी पाठवतायत. सात मिनिटं उरलीत म्हणे, आणि छापलेला विषय तर आता सुरू होतोय.

वहिनी म्हणाल्या होत्या, "भाऊजी, मी दूध तीनदा उकळते." उकळल्याने जंतू मरतात, कारण ते जिवंत असतात. एम-१ जिवंत नाही, तो एक रेणू आहे. मारायचं कुणाला? आणि तो मोडायला लागणारी उष्णता आपल्या पातेल्यात येत नाही. त्याचा वितळणबिंदूच ३०० अंशांच्या आसपास. दूध मात्र १०० अंशांच्या जरा वर उकळतं आणि तिथेच थांबतं. पाश्चरायझेशनमध्ये तर उकळीपर्यंतही जात नाही. उलट उकळताना पाणी उडून जातं आणि विष मागे राहतं. लिटरचं अर्धा लिटर आटवून बासुंदी केली, तर ०.६ ची लिटरमागे १.२ झाली. साय काढली तरी सुटका नाही, कारण एम-१ मलईत फारसा जात नाही, दुधातल्या केसिन प्रथिनाला चिकटतो. म्हणून चीज आणि पनीरमध्ये तो दुधापेक्षा दाट सापडतो, तुपात अगदी थोडा.

बी-१ यकृताचा कर्करोग करतं हे सिद्ध झालंय. एम-१ त्याच्या मानाने सौम्य, पण घरात सर्वांत जास्त दूध कोण पितं? लहान मूल.

एकच चांगली गोष्ट सांगतो, मग बसतो. गाय विष साठवून ठेवत नाही. खाल्ल्यापासून दिवसाभरात ते दुधात दिसतं आणि पेंड बंद केली की चार-पाच दिवसांत जवळजवळ नाहीसं होतं. दादाने ती पोती उकिरड्यात टाकली, नवी पेंड लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवली. सहाव्या दिवशी मी नमुना नेला, पट्टीवर काही आलं नाही. वहिनी अजूनही तीनदा उकळतात. जंतूंसाठी एकदा पुरे, हे मी सांगितलंय. ऐकलं नाही.