बाळ गुणी आहे, की अर्धपोटी?

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला उगाच रडू येतं, हे इथल्या प्रत्येक आजीनं पाहिलंय. बहुधा बारशापर्यंत, फार तर दोन आठवड्यांत ते ओसरतं. झोप, पोटभर जेवण आणि जवळचं माणूस एवढं त्याला पुरतं. आज बोलायचंय ते दोन आठवडे उलटूनही न हटणाऱ्या उदासीबद्दल. हा आजार आहे, आणि काही घरांत तो पहिल्यांदा कळतो तो बाळाच्या वजनावरून.

समजा, कराडजवळच्या गावात लेक माहेरी बाळंत झाली. बाळ जन्मलं तेव्हा 2 किलो 800 ग्रॅम होतं. पहिल्या दिवसांत थोडं घटतं, ते चालतं. पण दोन आठवड्यांच्या आसपास ते भरून निघावं आणि पुढे रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ व्हावी. 28व्या दिवशी आशाताई वजन करतात, तर काटा 2 किलो 850 दाखवतो. घरचे म्हणतात, "अंगावर दूधच नाही, पावडर सुरू करू." जरा थांबा. आधी मोजा, दिवसरात्रीत किती वेळा पाजलं? आठ ते बारा वेळा हवं, इथं पाच वेळाच. लघवी निदान सहा वेळा हवी, इथं चारदा. असं बाळ त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

पण पाजणं कमी का झालं? भुकेलं बाळ आधी ओठ चाटतं, मूठ तोंडाशी नेतं. रडणं सगळ्यात शेवटी. उदास आईला या खुणा टिपायचं, उठून बसायचं बळच उरत नाही. पाजणं कमी, म्हणून दूध कमी बनतं, आणि "मला साधं बाळही पोसता येत नाही" हे तिच्या मनात आणखी खोल जातं. अर्धपोटी बाळ सुस्त होऊन झोपून राहतं आणि आपण म्हणतो, किती गुणी बाळ! हीच फसगत मला सगळ्यात धोक्याची वाटते.

म्हणून तिला एकटीला गाठून विचारा, "बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का गं?" बाळ शांत, दुसरं माणूस सांभाळायला हजर, तरी ती टक्क जागी असेल, कशातच मन लागत नसेल, आणि हे दोन आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या, कारण ते बिघडले तरी असाच थकवा येतो. समुपदेशनानं पुष्कळजणी सावरतात. गोळ्या लागल्याच, तर अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्या आहेत. मात्र त्या परस्पर बंद करू नका. घरच्यांनी रात्री तिला सलग चार-पाच तास झोपू द्यावं. तेवढ्या वेळात काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं बापानं पाजावं.

"मी नसलेलीच बरी" असं ती बोलली, बाळाला इजा करायचे विचार आले, भास होऊ लागले किंवा ती भलतंच बरळू लागली, तर दोन आठवड्यांची वाट पाहायची नाही. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, 108 ला फोन करून लगेच जिल्हा रुग्णालय गाठा. एरवी नुसतं बोलायचं असेल, तर टेलिमानसचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.