वारस नोंदीचा अर्ज नेमका कुठं द्यायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

घरातला कर्ता माणूस गेला की दिवसपाणी उरकल्यावर पंधरा-वीस दिवसांत कुणीतरी विषय काढतोच, "आता नावं लावून घ्यायला हवीत." मग घरातला एकजण फाइल काखेत मारून निघतो. तलाठ्याकडे गेला तर ते म्हणतात, हे आमच्याकडे येत नाही. ग्रामपंचायतीत गेला तर ग्रामसेवक म्हणतात, तहसीलला विचारा. तहसीलमध्ये खिडकीवरचा माणूस सांगतो, भूमी अभिलेखला जा. यात बहुतेक वेळा कुणी खोटं बोलत नसतं. माणूस चुकीच्या दारात उभा असतो आणि बरोबर दार कुठलं हे त्याला पुरतं कुणी सांगत नाही. आज मी महाराष्ट्रातल्या वारस नोंदीपुरतं, कुठल्या मिळकतीसाठी कुठलं कार्यालय, हे सांगणार आहे.

एक उदाहरण घेऊ. जुन्नर तालुक्यातल्या एका गावचे आजोबा. त्यांची गावाला दोन एकर शेती, गावठाणात राहतं घर आणि जुन्नर शहरात वीस वर्षांपूर्वी घेतलेली एक जागा. शेवटच्या आजारपणात त्यांना पुण्याच्या दवाखान्यात हलवलं आणि तिथंच ते गेले. मुलगा नोकरीला ठाण्यात, मुलगी नाशिकला दिलेली. आता अर्ज ठाण्यात करायचा, पुण्यात, गावात की जुन्नरला?

सगळ्यात आधी मृत्यूचा दाखला, कारण त्याच्याशिवाय पुढं काहीच हलत नाही. मृत्यूची नोंद माणूस राहत होता त्या गावात होत नाही, तो जिथं गेला तिथं होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तसंच आहे. आजोबा पुण्याच्या दवाखान्यात गेले, म्हणजे दवाखान्यानं महापालिकेला कळवलं आणि नोंद महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात झाली. अंत्यविधी गावी झाला असला तरी गावच्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला ते नाव सापडणार नाही. कितीतरी मुलं गावाला जाऊन दाखला मागतात आणि हात हलवत परत येतात. दाखला हातात आला की आजोबांचं नाव सातबाऱ्यावर जसं आहे तसंच दाखल्यावर आहे ना, हे तिथंच उभं राहून तपासा. एकीकडे रामचंद्र आणि दुसरीकडे रामभाऊ असं निघालं तर दोन्ही नावांचा माणूस एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं, आणि ते आधीच कळलेलं बरं.

आता जमीनजुमला. इथं वारस कुठं राहतात याला काहीच किंमत नाही. मिळकत जिथं आहे तिथलं कार्यालय. पण एकाच गावात तीन वेगवेगळी कार्यालयं तीन वेगवेगळी दप्तरं ठेवतात, आणि खरा घोळ इथंच होतो. माझं सांगणं एवढंच की पत्ता बघू नका, कागदावरचा नंबर बघा. तो नंबर ज्या कार्यालयानं दिला, त्याच कार्यालयाकडे अर्ज.

कागदावर गट नंबर किंवा सर्व्हे नंबर असेल, म्हणजे सातबारा असेल, तर ते महसूल खात्याचं काम. आपल्या माणसाच्या शेतीचं दप्तर तलाठ्याकडे असतं, ज्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. एका तलाठ्याकडे एक किंवा अनेक गावं असतात, त्याला सजा म्हणतात. सजाचं मुख्यालय तुमच्याच गावात असेल असं नाही. काही सजांचं मिळून एक महसूल मंडळ होतं आणि त्यावर मंडळ अधिकारी असतात, ज्यांना जुनी माणसं अजून सर्कल म्हणतात. सजा कुठली हे कळायला तहसील कार्यालयातला गावांचा तक्ता बघा, किंवा सरळ गावच्या कोतवालाला विचारा. तलाठीभाऊसाहेब कुठल्या वारी कुठल्या गावात बसतात हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नसतं.

कागदावर नगर भूमापन क्रमांक असेल, ज्याला बोलताना आपण सिटी सर्व्हे नंबर म्हणतो, तर त्या जागेचा उतारा म्हणजे मिळकत पत्रिका, प्रॉपर्टी कार्ड. हे दप्तर तलाठ्याकडे नसतंच. ते भूमी अभिलेख खात्याकडे असतं. तालुक्याच्या ठिकाणी उपअधीक्षक भूमी अभिलेख यांचं कार्यालय, आणि मोठ्या शहरांत नगर भूमापन अधिकाऱ्याचं. तिथं नोंदींचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला परिरक्षण भूमापक म्हणतात. खिडकीवर एवढा शब्द उच्चारलात तरी तुम्हाला बरोबर टेबलाकडे पाठवतील.

आणि कागदावर नुसता घर क्रमांक किंवा ग्रामपंचायत मिळकत क्रमांक असेल तर तो नमुना आठचा उतारा, कर आकारणीचा. त्याचा अर्ज ग्रामपंचायतीत. हा उतारा घरपट्टी कुणाच्या नावानं भरायची ते सांगतो. तो मालकीचा पुरावा नाही, ही गोष्ट गावोगाव विसरली जाते. नमुना आठ आणि शेतीचा आठ-अ यांचीही गल्लत होते. आठ-अ हा खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा असतो आणि तो तलाठ्याकडचा.

आता आजोबांच्या घराकडे येऊ, कारण गावठाणातल्या घरांचं चित्र अलीकडं बदललं आहे. पूर्वी बहुतेक गावठाणांचं मोजणीचं दप्तरच नव्हतं, म्हणून लोकांकडे फक्त नमुना आठ असायचा. २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि ड्रोननं गावठाणं मोजायला घेतली. ज्या गावांचं काम पूर्ण झालं, तिथं घरांच्या मिळकत पत्रिका तयार झाल्या. म्हणून आपल्या गावाचं मोजमाप होऊन पत्रिका निघाली आहे का, हे आधी विचारा. निघाली असेल तर आजोबांच्या घरासाठी दोन अर्ज लागतात, पत्रिकेसाठी भूमी अभिलेखकडे आणि घरपट्टीसाठी ग्रामपंचायतीकडे. एकीकडचं नाव बदललं म्हणून दुसरीकडचं आपोआप बदलत नाही.

हे सगळं घरबसल्या ताडून बघता येतं. bhulekh.mahabhumi.gov.in हे महाभूलेखचं संकेतस्थळ उघडा आणि विचारला तर आपला महसूल विभाग निवडा. जुन्नर पुणे विभागात येतं. मग सातबारा हवा की मालमत्ता पत्रक, म्हणजे मिळकत पत्रिका, हे निवडून जिल्ह्यापासून खाली गावापर्यंत या. तुमचा नंबर ज्या प्रकारात उघडतो, ते खातं तुमचं. गाव निवडताना मात्र घाई नको. वडगाव नावाची गावं ढिगानं आहेत, आणि खुर्द-बुद्रुक चुकलं तर तोच गट नंबर भलत्याच माणसाच्या नावानं समोर येतो. शहरातल्या लोकांना आणखी एक अडचण येते. आपण ज्याला सहकारनगर म्हणतो, ते जमिनीच्या दप्तरात मौजे पर्वती असतं. पोस्टाचा पत्ता तिथं चालत नाही. जुन्या खरेदीखतात 'मौजे' या शब्दापुढं जे नाव लिहिलं आहे, ते गाव शोधा.

कधीकधी एकाच जागेचा सातबाराही दिसतो आणि मिळकत पत्रिकाही. नगर भूमापन झाल्यावर बिगरशेती जागेचा सातबारा बंद व्हायला हवा असतो, पण तो राहून जातो. आजोबांच्या शहरातल्या जागेचं असंच असू शकतं. अशा वेळी दोन्ही उतारे हातात घेऊन आधी भूमी अभिलेखमध्ये जा आणि सातबारा बंद करण्याबद्दल तहसील कार्यालयात लेखी विचारा. नुसत्या सातबाऱ्यावर नाव लावून घरी गेलात, तर जागा विकायच्या दिवशी पत्रिकेवर अजून आजोबाच निघतील.

अर्ज आता ऑनलाइनही देता येतो. pdeigr.maharashtra.gov.in वर ई-हक्क प्रणाली आहे. तिथंही सातबाऱ्याचा फेरफार की मिळकत पत्रिकेचा, असं वेगवेगळं निवडावं लागतं. पण गाव आणि नंबर बरोबर भरला की अर्ज त्या गावच्या अधिकाऱ्याच्या संगणकावरच जातो, मुलगा ठाण्यात बसलेला असला तरी. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि वारसांबद्दलचं शपथपत्र जोडायचं. सगळ्या म्हणजे सगळ्या वारसांची. नाशिकची बहीण लग्न होऊन गेली म्हणून तिचं नाव गाळायचं, हे कायद्यात बसत नाही, आणि असे अर्ज पुढं हरकतीत अडकतात. तिला स्वतःहून हक्क सोडायचा असेल तर आधी तिचं नाव लागतं, मग हक्कसोडपत्र होतं. ते नोंदवायला तेवढं दुय्यम निबंधकांकडे जावं लागतं. नुसत्या वारस नोंदीसाठी त्या कार्यालयाची पायरी चढायची गरज नाही.

अर्ज बरोबर जागी पडला हे कसं ओळखायचं? सातबाऱ्याच्या बाबतीत तलाठी स्थानिक चौकशी करून वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना सहा-क ला, वारसांची नावं घेतात. मग फेरफार क्रमांक पडतो, हितसंबंध असणाऱ्यांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. म्हणून 'काम चालू आहे' या उत्तरावर समाधान मानू नका, फेरफार क्रमांक मागा. क्रमांक मिळाला की 'आपली चावडी' या पानावर गाव निवडून ती नोटीस स्वतः बघता येते. क्रमांकच पडत नसेल, तर अर्ज अडलाय किंवा भलत्या ठिकाणी गेलाय असं समजून पोच घेऊन पुन्हा जा. तोंडी सांगून परत पाठवत असतील, तर अर्ज लेखी घ्या आणि कुठल्या कार्यालयाचं काम आहे ते त्यावर लिहून द्या, असं शांतपणे म्हणा. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कुठली सेवा कोण देणार, किती दिवसांत देणार आणि अपील कुणाकडे, याचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा. तो फलक आधी वाचा, मग रांगेत उभे राहा.

नोंद नामंजूर झाली तरी वाटा वेगळ्याच. सातबाऱ्याची असेल तर अपील उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे. मिळकत पत्रिकेची असेल तर जिल्हा अधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे. मुदत साठ दिवसांची, आणि अपिलाला आदेशाची नक्कल जोडावी लागते, म्हणून नकलेचा अर्ज निकाल कळला त्याच दिवशी देऊन ठेवा. वारस कोण यावरच भावाबहिणींत वाद असेल, तर मात्र यातलं कुठलंच कार्यालय तो मिटवू शकत नाही. तो प्रश्न दिवाणी न्यायालयाचा.

नमस्कार.