खाली उतरणारी रेष

सराव संपला आहे. स्पाइक्स काढून मुली ट्रॅकच्या कडेला बसल्या आहेत. समोर फळ्यावर सरांनी एक आलेख चिकटवलाय. आडव्या रेषेवर हंगामाचे बारा आठवडे, उभ्या रेषेवर शंभर मीटरला लागलेला वेळ. रेष त्यांच्यातल्याच एकीची आहे. पहिल्या आठवड्यात १२.९२ सेकंद, बाराव्यात १२.४४.

"रेष खाली चाललीय म्हणून तोंडं पाडू नका," सर म्हणतात. "इथे खाली म्हणजे कमी वेळ. आपल्याला खालीच जायचंय."

पण सगळ्यांचे डोळे खिळलेत सहाव्या आठवड्यावर. तिथे रेष एकदम कोसळते, १२.४ वर. पुढच्याच आठवड्यात पुन्हा वर, १२.६०. मुलीचा चेहरा उतरतो. "सर, त्यानंतर मी मागे पडले ना?"

सर खिशातून स्टॉपवॉच काढतात. त्या दिवशी इलेक्ट्रॉनिक यंत्र नव्हतं, वेळ हाताने घेतली होती. पिस्तुलाचा धूर दिसतो, मग अंगठा बटण दाबतो. तेवढ्यात धावणारी निघालेली असते, घड्याळ मागाहून सुरू होतं. शेवटाला मात्र ती येताना आधीपासून दिसत असते, त्यामुळे तिथे अंगठ्याला तसा उशीर होत नाही. म्हणून हाताची वेळ कमी भरते. शंभर मीटरला ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून बघायची, तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायची रीत आहे. ही ढोबळ दुरुस्ती आहे, प्रत्येकाचा अंगठा वेगळा. १२.४ चे झाले १२.६४.

सर तो ठिपका खोडतात आणि वर पोकळ गोल काढतात. पाचव्या आठवड्याचे १२.७०, सातव्याचे १२.६०. गोल बरोबर दोघांच्या मधे बसतो. ती मागे पडलीच नव्हती.

सात ते नऊ या आठवड्यांत रेष जवळजवळ आडवी आहे. तेव्हा वजनं आणि चढावरच्या धावा वाढवल्या होत्या, पाय थकलेले होते. दहाव्यात भार कमी केला आणि रेष पुन्हा उतरू लागली. भार उतरल्यावरही ती आडवीच राहिली असती, तर सरांना सरावच बदलावा लागला असता.

मागून कुणीतरी विचारतं, "सर, एवढा मोठा उतार, आणि फरक अर्ध्या सेकंदाचाच?"

प्रश्न खरा आहे. आलेखाची उभी रेष १२.२० पासून १३ पर्यंतच आहे. शून्यापासून काढली असती, तर उतार डोळ्यांना दिसलाही नसता. म्हणून सर फळा सोडून उठतात, टेप घेऊन अंतिम रेषेवर जातात. सेकंदाला आठ मीटर हा तिचा सरासरी वेग. ०.४८ सेकंदांत ती जवळपास चार मीटर कापते. सर चार मीटर मागे खडूने रेघ ओढतात आणि तिला तिथे उभं करतात.

"आज तू तिकडे पोचतेस, तेव्हा पहिल्या आठवड्यातली तू अजून इथे असतेस."

ती आधी पायाखालच्या रेघेकडे बघते, मग समोरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे. आणि पावलं मोजत निघते.